गाईड घरची कामं करून घेतात, चारचौघांत अपमान करतात. थीसिसवर सही त्यांचीच हवी. पुरावा कसा ठेवू?

मी वडोदऱ्यात पीएचडी करताना हेच भोगलंय. तक्रारीचा सूर नसलेली साधी ई-मेल सगळ्यात उपयोगी पडली. सरांनी तोंडी काम सांगितलं की त्याच संध्याकाळी लिहायचो: "सर, आज सांगितल्याप्रमाणे ८० पेपर तपासतोय, म्हणून तिसरं प्रकरण २० ऐवजी २७ तारखेला देतो." ते कधीच उत्तर देत नसत, पण तारखेसह नोंद राहायची. प्रत स्वतःच्या खाजगी ई-मेलवर ठेवा, विद्यापीठाचं खातं उद्या बंद होऊ शकतं.

अपमान झाला तर त्याच रात्री बांधीव वहीत लिहा: वेळ, जागा, त्यांचे नेमके शब्द, कोण हजर होतं. "फार वाईट बोलले" याला अर्थ नाही. माझ्या वहीत "दु. ३.१०, लॅब, 'तुझ्यापेक्षा शिपाई बरा', दोन ज्युनिअर समोर" असं आहे. वही घरी ठेवा, लॅबमध्ये नको.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. उशिराचं कारण त्या लेखी अहवालात शांतपणे घाला. गाईड बदलायची वेळ आली तर दोष तुमच्यावर ढकलणं त्यांना अवघड जाईल.