संघटनेत जाताना एक नेमका प्रश्न घेऊन जा

व्यापारी संघटनेची वर्गणी भरण्याआधी तिच्या एक-दोन बैठकांना पाहुणे म्हणून बसून या. भाषणांकडे फार लक्ष देऊ नका, चहाच्या वेळी लोक काय बोलतात ते ऐका. थकलेली उधारी, उशिरा आलेला माल, न टिकणारे कामगार असे विषय कानावर पडले तर जागा कामाची. नुसते सत्कार आणि फोटो असतील तर वर्गणी वाचवा.

मार्गदर्शक हवा असेल तर "मला मार्गदर्शन करा" असं थेट म्हणू नका, समोरचा बिचकतो. समजा, एक मोठं गिऱ्हाईक 60 दिवसांची उधारी मागतंय आणि तुम्हाला पुरवठादाराचे पैसे 30 दिवसांत द्यायचेत. मधले 30 दिवस तुमच्या खिशातून जाणार. माल तयार व्हायला लागणारे दिवस वेगळेच. हे कागदावर मांडा आणि विचारा, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" मुरलेला व्यापारी बहुधा आधी उलट विचारेल, की तुमची किती विक्री या एकाच गिऱ्हाइकावर आहे? मग पहिली ऑर्डर छोटी ठेवा, काही रक्कम आगाऊ घ्या, पुरवठादाराकडे मुदत मागा, असे मार्ग निघतात.

पुढे काय झालं ते त्यांना आवर्जून कळवा. बरेच जण हेच विसरतात आणि दुसऱ्यांदा फोन उचलला जात नाही.

मार्गदर्शक थेट स्पर्धक नसावा. धंदा तोच पण गिऱ्हाईक वेगळं, असा माणूस मोकळेपणाने बोलतो. आणि हो, बैठकीत सगळ्यांनी मिळून भाव ठरवायची भाषा सुरू झाली तर सरळ उठा. असं संगनमत बऱ्याच देशांत बेकायदेशीर आहे.