मिनिमम भरलं, तरी बिल वाढलं

‘ताई, चवथीच्या आधी साठ हजारांचा फ्रिज क्रेडिट कार्डावर घेतला. बिलात मिनिमम ३,००० लिहिलं होतं, ते वेळेत भरले. तरी पुढचं बिल ६१,५९५ चं आलं, आणि मिनिमम ७,४४५! बँक फसवतेय का?’

वाळपईचा तरुण, होंडा गावातल्या कारखान्यात नोकरीला. मोबाइलवरचं बिल माझ्यापुढे धरून उभा होता. दंड लागला असणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण दंडाची ओळच बिलात नव्हती. होती ती व्याजाची, ३,८९४ रुपये, आणि तिच्याखाली जीएसटीची, ७०१ रुपये.

मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि दिवस त्यालाच मोजायला लावले. त्याच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला बनतं. फ्रिज घेतला २० ऑगस्टला, म्हणून तो १५ सप्टेंबरच्या बिलात आला. भरायची शेवटची तारीख ४ ऑक्टोबर. त्या दिवशी पूर्ण ६०,००० भरले असते तर ४५ दिवस पैसे फुकट वापरायला मिळाले असते. हाच फ्रिज १४ सप्टेंबरला घेतला असता तर ही सवलत जेमतेम वीस दिवसांची. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ म्हणतात ते बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्यासाठी.

आता गोम इथे आहे. पूर्ण रक्कम भरली नाही की ही सवलत मागच्या तारखेपासून जाते. ४ ऑक्टोबरनंतरचं व्याज लागेल आणि तेही उरलेल्या ५७,००० वर, असं त्याला वाटत होतं. बँकेने मात्र २० ऑगस्टपासून मोजलं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. साठ हजारांवर ४५ दिवसांचे ३,१०७ रुपये. मग ४ ते १५ ऑक्टोबर, बारा दिवस, ५७,००० वर ७८७. बेरीज ३,८९४, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. भरले ३,०००, वाढले ४,५९५. तो बोटांवर दिवस मोजत बसला होता. दोनदा मोजले, दोन्ही वेळा ४५ च आले.

मग मिनिमम ७,४४५ का? पहिल्या बिलात व्याज नव्हतंच, म्हणून साठ हजारांचे पाच टक्के, ३,०००. दुसऱ्यात ५७,००० चे पाच टक्के, २,८५०, आणि वर अख्खं व्याज आणि जीएसटी. मिनिमम इतकं कमी असू नये की मुद्दल फुगतच जाईल, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे बँका हे असं जोडतात. (मला तो नियम बरा वाटतो. आकडा बोचतो तेव्हाच माणूस बिल उघडून वाचतो.) मिनिममने वाचतो तो उशिराचा दंड आणि सिबिलवर पडणारा डाग. व्याज त्याने एक दिवसही थांबत नाही.

‘नवीन काही घेतलंस का कार्डावर?’ मी विचारलं. नव्हतं घेतलं, नशीब. बाकी असताना पेट्रोल भरलं तरी त्यावर स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चढतं. नव्या खरेदीलाही सवलत राहत नाही.

वाळपईच्या पतसंस्थेत त्याची ऐंशी हजारांची ठेव होती, घराच्या फरशीसाठी ठेवलेली. मोडायला तो तयार नव्हता. मोडायची गरजही नव्हती. ठेवीवर कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. त्याला ते ९ टक्क्यांनी मिळालं, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज साधारण ४६२ रुपये. कार्डावर ५७,००० चं महिन्याचं व्याज जीएसटीसह २,३५४. शेवटच्या तारखेची वाट न पाहता भर, असं मी बजावलं, कारण प्रत्येक दिवसाचे जीएसटीसह ७७ रुपये जात होते. २१ ऑक्टोबरला त्याने ६१,५९५ भरून टाकले.

नोव्हेंबरच्या १६ तारखेला त्याचा फोन. ‘ताई, ३८७ रुपयांचं बिल आलंय! सगळं भरलं होतं ना?’

सगळं म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंतचं. १६ ते २० हे पाच दिवस राहिलेच होते.

‘हेही पूर्णच भरू?’

‘पूर्णच. मिनिमम किती लिहिलंय ते बघूसुद्धा नकोस.’