अकरा नावं, बंद एक्झॉस्ट आणि एक स्टॅम्पपेपर

प्रश्न: मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सलूनमध्ये साडेतीन वर्षं हेअर स्टायलिस्ट आहे. ब्लीच आणि केराटिनची कामं जास्त करून माझ्याकडेच असतात. वर्षभर खोकला आहे, छातीत घरघर होते. सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभं राहून पाय सुजतात, पण बसलं की मालक ओरडतात. एसी चालू, एक्झॉस्ट बंद. तक्रार केली तर म्हणाले, "रुजू होताना तब्येतीची जबाबदारी माझी असं तूच स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंयस. आणि आपल्याकडे दहा माणसं नाहीत, त्यामुळे कुठलाच कायदा लागू नाही." हे खरं आहे का? पगार १७ हजार आहे. ड्युटीच्या यादीचा फोटो सोबत पाठवते.

उत्तर: ताई, स्टॅम्पपेपरचं आधी मिटवू, ते सोपं आहे. कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी तुम्ही लिहून दिल्याने उतरत नाही. कायद्याला छेद देणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार मुळातच अवैध असतो, मग मुद्रांक कितीचाही असो. उलट त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. कामात तब्येतीला धोका आहे हे मालकांना तुम्हाला घेतानाच माहीत होतं, हे तो कागद स्वतःच सांगतो.

खरी लढाई दहाच्या आकड्यावर आहे. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानालाही ती लागू होते. राज्याच्या दुकाने कायद्याची मर्यादा मात्र २०२५ च्या दुरुस्तीत दहावरून वीसवर गेली, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या प्रकरणात हा केंद्राचाच कायदा धरायचा.

तुमच्या ड्युटीच्या यादीत अकरा नावं आहेत. मालक बहुधा फक्त सहा स्टायलिस्ट मोजतात. नेल्स आणि मेकअपवाल्या दोघी "कमिशनवर" म्हणून वगळतात, रिसेप्शनची मुलगी आणि दोन हेल्पर तर त्यांच्या हिशेबात माणसंच नाहीत. पण कमिशनवरची मुलगी मालकाच्या वेळेला येत असेल, मालकाच्या खुर्चीवर काम करत असेल आणि सुट्टी त्यांनाच मागत असेल, तर नाव काहीही दिलं तरी ती कामगारच. एक सावधगिरी: लग्नसराईत तेवढ्यापुरती बोलावलेली मेकअप आर्टिस्ट आणि फी भरून शिकायला आलेल्या मुली यात धरू नका. त्यांना ओढूनताणून घेतलंत की बाकीच्या अकरांवरही शंका येते. यादीबरोबर व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे ड्युटीचे मेसेज, बोटाच्या ठशाच्या हजेरीचे फोटो आणि पगार ऑनलाइन आला असेल तर त्या नोंदी ठेवा.

आता खोकला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. ही गोष्ट बऱ्याच मालकांना खरंच माहीत नसते, त्यामुळे "एसी आहे ना" हे उत्तर कधी कधी प्रामाणिकही असतं. एक्झॉस्ट सुरू करून त्याच्यासमोर पेटती उदबत्ती धरा. धूर पंख्याकडे ओढला जायला हवा. तो तिथेच घुटमळला, तर पंखा नुसता फिरतोय. काचेचा दरवाजा बंद असेल तर दार दोन इंच उघडून पुन्हा बघा, कारण आत यायला वाट नसेल तर हवा बाहेर तरी जाणार कशी? दोन्ही वेळचा व्हिडिओ काढा.

ब्लीचची पावडर कालवताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात अमोनियम आणि पोटॅशियमचे परसल्फेट असतात. केशकर्तनाच्या व्यवसायात दमा होण्याचं हे जगभर ओळखलेलं कारण आहे. केराटिनचं वेगळं आहे. काही मिश्रणांवर गरम इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, आणि डब्यावर "फॉर्मल्डिहाइड-फ्री" लिहिलं असलं तरी घटकांत मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्सिलिक अॅसिड असेल तर तो निघू शकतो. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, पुढच्या नव्हे. मालकांनी दिलेला सर्जिकल मास्क वायू अडवत नाही.

डॉक्टरांकडे मात्र नुसतं "अॅलर्जी आहे" ऐकून परत येऊ नका. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, दहा कामगारांपासून लागू होतो आणि २१ हजारांपर्यंत पगार असलेले त्यात येतात, म्हणजे तुम्हीही. त्या कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत व्यावसायिक दमा आहे, पण तो कामातच असलेल्या संवेदनशीलता निर्माण करणाऱ्या, म्हणजे शरीराला अॅलर्जी जडवणाऱ्या पदार्थामुळे झालेला असावा लागतो. केस पेपरवर फक्त "अॅलर्जिक ब्राँकायटिस" लिहिलं असेल तर दावा तिथेच लटकतो. डॉक्टरांना पदार्थाचं नाव आणि तुमचं काम दोन्ही लिहायला सांगा. श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर घ्या, त्यात फुंकून दिवसातून किमान चार वेळा आकडा लिहा, महिनाभर, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही. कामाच्या दिवशी आकडा खाली येतो आणि सुट्टीत वर चढतो, हे त्या वहीत दिसलं तर वैद्यकीय मंडळासमोर ती वही माझ्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलेल. तपासणीसाठी सातपूरचं ईएसआय रुग्णालय आहे. मालकाने नोंदणी केली नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

पायांचं थोडक्यात सांगतो. सुजलेल्या पायांवर भरपाई मिळवणं अवघड आहे, शिरा फुगणं त्या यादीत नाही. पण उभं राहून काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय करणं ही संहितेत मालकाची जबाबदारी आहे. चाकाचं कटिंग स्टूल मागा. "कस्टमरला बरं दिसत नाही" हे कायद्यात कारण नाही. दिवसाचे तास आठ, त्यावर काम करायचं तर तुमची संमती आणि दुप्पट दर. तुम्ही साडेदहा तास सलूनमध्ये असता. जेवणाची सुट्टी वजा केली तरी ओव्हरटाइम निघतो, त्याचा हिशेब लिहून ठेवा.

मग मालकांना पत्र द्या, शक्य तर तिघी-चौघींच्या सह्यांनी. त्यात तीनच मागण्या ठेवा: चालू एक्झॉस्ट, स्टूल, आणि ब्लीच-केराटिनच्या डब्यांची माहिती. तब्येतीला तातडीचा धोका वाटत असेल तर तो मालकांना कळवताना त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क संहितेने दिला आहे, तेव्हा एक प्रत नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं काय नि न दिलं काय.

यातून नोकरी सोडायची वेळ आलीच, तर राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका. मालक नेमकं तेच लिहून मागतात, आणि मग दम्याचा कामाशी काय संबंध असं विचारायला तोच कागद पुढे करतात. "ब्लीचच्या धुळीमुळे श्वासाचा त्रास, वारंवार सांगूनही एक्झॉस्ट सुरू केला नाही" असं सरळ लिहा. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार द्यावा लागतो. तिसऱ्या दिवशीही आला नाही, तर मला फोन करण्याआधी उपायुक्त कार्यालयात अर्ज टाका.