कोरडं सिरप: बाणाच्या खुणेपर्यंत पाणी म्हणजे नेमकं किती?

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा, वजन १५ किलो. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं कोरडं सिरप दिलंय, ५ मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस. ३० मिलीच्या दोन बाटल्या आहेत. दुकानदार हिंदीत भराभर बोलला, खोक्यावर सगळं इंग्रजीत. उकळलेलं पाणी किती घालायचं, दोन्ही बाटल्या आत्ताच बनवून फ्रिजमध्ये ठेवू का? (इंदूर)

उत्तर:

दुसरी बाटली आत्ता उघडूसुद्धा नका. कारण खाली येईलच.

मी लोकमान्य नगरच्या बाजूला एका मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली, आणि तरी या औषधात माझ्या स्वतःच्या घरी चूक झालेली आहे. मोठा मुलगा लहान होता, मी दुकानात. फोनवरून सासूबाईंना सांगितलं, "पाणी भरून हलवा आणि एक चमचा द्या." त्यांनी शब्दशः भरलं, अगदी गळ्यापर्यंत. संध्याकाळी घरी येऊन बघते तर औषध पातळ ताकासारखं. चूक त्यांची नव्हती, माझ्या "भरून" या शब्दाची होती.

नुकसान काय झालं ते तुमच्याच बाटलीवर मांडते. तुमच्या लेबलवर बहुधा "प्रत्येक ५ मिलीत २००  मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिग्रॅ क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड" असं असेल. म्हणजे ३० मिलीच्या बाटलीत एकूण १२०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन. बाटली गळ्यापर्यंत भरली आणि ते ४० मिली झालं, तर औषध तेवढंच राहतं, पाणी वाढतं. मग ५ मिलीत २०० ऐवजी १५० मिग्रॅच जातं. दर वेळी पाव डोस कमी, आणि बाहेरून काही कळत नाही. उलट पाणी कमी पडलं, २४ मिलीच झालं, तर तोच चमचा २५० मिग्रॅचा होतो.

म्हणून लेबलवरची पहिली ओळ, आपल्या भाषेत: "उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घाला, जोरात हलवा, आणि पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत पाणी घाला." बाण लेबलच्या कडेला छापलेला असतो, काही बाटल्यांवर काचेतच रेघ असते. ३० मिली पाणी मोजून ओतू नका. पूडही जागा घेते, त्यामुळे पाणी ३० पेक्षा कमीच लागतं. पूड आणि पाणी मिळून ३० व्हायला हवं, आणि ते खूणच सांगते.

पाण्याचं. नळाला नर्मदेचं येतं, घरात आरओ आहे, मग उकळायचं कशाला, असं काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारायचं. आरओचं पाणी जंतुविरहित असेलच असं नाही, आणि हे औषध आठवडाभर त्याच पाण्यात राहणार. छोट्या पातेल्यात खळखळ उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं राहू द्या आणि झाकण ठेवूनच गार करा. गार म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर कोमटसुद्धा लागता कामा नये. घाई करून गरम पाणी घातलं की क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड खराब होतं. उष्णता आणि पाणी दोन्ही त्याला सोसत नाहीत. कंपनी पूड कोरडी देते ती त्याचसाठी. काही खोक्यांत पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी असते. ती असेल तर तीच वापरा, मग उकळायची भानगड नाही, पण खूण तरीही बघा.

आता कृती. झाकण उघडण्याआधी बाटली उलटी करून तळव्यावर ठोका, म्हणजे तळाला दाबून बसलेली पूड मोकळी होते. मग खुणेच्या थोडं खालपर्यंत पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि बाटली उलटी-सुलटी करत जोरात हलवा. बाटली उलटी धरून तळ उजेडाकडे करून बघा: कोपऱ्यात पांढरी गुठळी चिकटलेली दिसली तर अजून हलवा. त्या गुठळीत औषध आहे, ती तशीच राहिली तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचा एकदम कडक. फेस येईल, फेसाची पातळी ही औषधाची पातळी नव्हे. बाटली ओट्यावर पाच मिनिटं ठेवा, फेस बसू द्या, मग डोळे खुणेच्या रेषेत आणून उरलेलं पाणी थेंबाथेंबाने घाला. शेवटी पुन्हा एकदा हलवा.

खुणेच्या वर गेलं तर वरचं ओतून टाकून ते सुधारत नाही, कारण पाण्याबरोबर औषधही जातं. डोस वाढवण्याचा हिशेबही स्वतः करू नका. ती बाटली बाजूला ठेवा, दुसरी आणा.

"शेक वेल" प्रत्येक डोसला, फक्त पहिल्या दिवशी नाही. हे साखरेसारखं विरघळत नाही, तासाभरात साका खाली बसायला लागतो. आणि घरातला चमचा नको. चमच्या-चमच्यात फार फरक असतो. झाकणावरचं ५ मिलीचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

ठेवायचं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, म्हणजे मधल्या फळीवर. दारात नको, दार उघडलं की तिथे ऊब लागते. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. पाणी घातल्यापासून सात दिवस, बस. खोक्यावरची एक्सपायरी ही कोरड्या पुडीची असते, बनवलेल्या औषधाची नाही. बनवल्याची तारीख बॉलपेनने लेबलवरच लिहा. पहिल्या दिवशीचा रंग लक्षात ठेवा. नंतर गडद पिवळट-तपकिरी दिसलं तर टाकून द्या. मे महिन्यात वीज गेली आणि बाटली चाळिशीतल्या खोलीत राहिली, तर सात दिवसांवर भरवसा ठेवू नका, दुकानदाराला विचारा. आणि हे नियम या औषधाचे आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनचं कोरडं सिरप उलट फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, म्हणून दर वेळी लेबल वाचा.

दुसऱ्या बाटलीचं. पाणी त्या क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडला सोसत नाही, म्हणून ती लागेल तेव्हाच बनवायची. ३० मिली म्हणजे सहा डोस. आज सोमवारी रात्री सुरू केलं तर पहिली बाटली गुरुवारी सकाळी संपेल. काचेला थोडं चिकटून राहतं, त्यामुळे सहावा डोस जरा अपुरा निघाला तर दुसरी तेव्हाच बनवून त्यातून भरून काढा. पुढचे चार डोस, गुरुवारी रात्रीपासून शनिवारी सकाळपर्यंत, दुसऱ्या बाटलीतून. ती कोरडी असेल तोवर कपाटात सावलीत आणि ओलाव्यापासून दूर ठेवा. त्यात आठ-दहा मिली उरेल ते शनिवारीच टाकून द्या, पुढच्या तापासाठी ठेवू नका.