आरटीईच्या लॉटरीत मुलीचा नंबर लागला, म्हणजे आता शाळा पूर्ण मोफत ना?

फी माफ होते, पण आठवीपर्यंतच. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागू शकते, तेव्हा त्या फीची तरतूद आजपासूनच मनात ठेवा.

आधी कागदपत्रांची पडताळणी पार पाडा, कारण लॉटरी लागूनही बरेच प्रवेश तिथेच अडतात. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि तो अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा. अर्जात नकाशावर दाखवलेलं घर आणि करारातला पत्ता जुळला नाही, तर शाळेपासूनचं अंतर चुकतं आणि प्रवेश रद्द होऊ शकतो. झोपडपट्टीत घरमालक करार नोंदवतच नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी खासगी शाळांतल्या या 25 टक्के जागा राखीव आहेत, तेच बाहेर पडतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

पुस्तकं आणि गणवेशही कायद्याने मोफत आहेत. पण सरकारकडून शाळांना मिळायची या फीची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते, आणि मग शाळा 'उपक्रम शुल्क' म्हणून पालकांकडून पैसे मागतात. तोंडी मागितलं तर लेखी मागा. लेखी मिळालं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा आणि पोच घ्या.