चेंज रिक्वेस्टमध्ये मी सगळ्यात आधी वाचतो तो रकाना

प्रश्न: आमच्याकडे चेंज कंट्रोल बोर्ड सुरू करायचंय. फॉर्ममध्ये काय विचारायचं, हो-नाही कशावर ठरवायचं आणि निर्णय कसे नोंदवायचे?

फॉर्म एका पानाचा ठेवा. काय बदलायचंय, का, कशाकशाला धक्का लागेल, कोण करणार, कधी, हे रकाने सगळेच नीट भरतात. मी मात्र आधी रोलबॅकचा रकाना वाचतो. तिथे नुसतं 'बॅकअपवरून रिस्टोअर' लिहिलेलं असलं, तर विचारतो: किती मिनिटांत? आणि ती मिनिटं मोजली आहेत की अंदाजाने टाकली आहेत?

आमच्याकडची एक रिक्वेस्ट सांगतो. ऑर्डर क्रमांकाचा कॉलम `int` होता, तो `bigint` करायचा होता. `int` 2,14,74,83,647 ला संपतो आणि आमचे क्रमांक 180 कोटींच्या पुढे गेले होते, त्यामुळे कारण रास्तच होतं. वेळ मागितली होती रात्री 1 ते 3. बदलाला 50 मिनिटं, तपासणीला 20. रिस्टोअर टेस्ट सर्व्हरवर करून बघायला लावलं, तर 90 मिनिटं लागली. म्हणजे तपासणीत गडबड दिसली असती, तर सिस्टिम परत उभी राहायला 3:40 वाजले असते. बोर्डाने बदल नाकारला नाही, पुढे ढकलला.

दुसऱ्या खेपेला त्याच माणसाने योजनाच बदलून आणली. शेजारी नवा `bigint` कॉलम, ट्रिगरने दोन्हीकडे सारखी नोंद, जुन्या ओळी दिवसभर थोड्या थोड्या भरायच्या आणि रात्री फक्त नावांची अदलाबदल. परतायचं तर तीच अदलाबदल उलटी, 10 मिनिटांत. आम्ही दोन अटी घातल्या: अदलाबदलीनंतरही जुना कॉलम आठवडाभर भरत राहिला पाहिजे, आणि 2:30 पर्यंत तपासणी पूर्ण झाली नाही तर चर्चा न करता मागे फिरायचं.

बाकी निकष दोनच: टेस्टचा पुरावा, आणि त्याच रात्री दुसरा बदल आडवा येतोय का. स्वतःच्या रिक्वेस्टवर कुणी मत द्यायचं नाही. तातडीच्या बदलाला दोघांची फोनवर मंजुरी पुरते, फॉर्म मात्र दुसऱ्या दिवशी आलाच पाहिजे. तो आला नाही तर पुढच्या महिन्यात सगळंच 'तातडीचं' होतं.

लॉगमध्ये 'मंजूर' एवढंच लिहून भागत नाही. वरच्या रिक्वेस्टची पहिली नोंद अशी होती:

> क्र. 31. निर्णय: पुढे ढकलला. कारण: बदल, तपासणी, रिस्टोअर मिळून 160 मिनिटं, हातात 120. पुन्हा आणताना: परतीची वेळ मोजून.

बदल झाल्यावर त्याच नोंदीखाली प्रत्यक्षात काय झालं तेही लिहा. आम्ही ते बरेच दिवस करत नव्हतो. मग कुणाचे अंदाज नेहमी निम्मे निघतात हे कळायला मार्गच नव्हता. आता 50 मिनिटांच्या अंदाजापुढे खरी मिनिटं असतात, आणि पुढच्या बैठकीत आधी तीच पाहिली जातात.