पेबॅक काढायच्या आधी लोड अवर्स बघा

"जुना स्क्रू कॉम्प्रेसर बदलून व्हीएफडीवाला घ्यायचाय. मोटरचे किलोवॅट गुणिले वर्षाचे तास असा विजेचा खर्च काढला, पण फायनान्स कमिटीने प्रपोजल परत पाठवलं, म्हणतात बचतीचा आकडा पटत नाही. कुठे चुकतंय?"

हे वाचलं आणि माझं पहिलं प्रपोजलच आठवलं, अगदी हीच चूक. पेबॅक कसा काढतात ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. गोची भागाकारात नाहीये, खाली जो बचतीचा आकडा घेतलाय त्यात आहे.

आमचं मशीन वर्षाला ६००० तास चालायचं आणि फुल लोडला ४० किलोवॅट घ्यायचं. मी सरळ गुणाकार केला, २,४०,००० युनिट. नवीन मशीन आमच्या हवेच्या गरजेला सरासरी १८ किलोवॅट घेईल असं सप्लायरने लिहून दिलेलं, म्हणजे १,०८,०००. बचत १,३२,००० युनिट! दर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून मी इथे सगळा खर्च युनिटच्याच मापात सांगतो. मशीनची किंमत साधारण २,००,००० युनिटच्या बिलाएवढी होती, म्हणजे पेबॅक दीड वर्ष. मी खुशीत कमिटीसमोर गेलो.

तिथे एका मेंबरने एवढंच विचारलं, "पॅनलवर रनिंग अवर्स आणि लोड अवर्स वेगळे दिसतात ना, लोड अवर्स किती?" मी बघितलेच नव्हते. नंतर जाऊन बघितलं तर लोड अवर्स रनिंगच्या जेमतेम ४० टक्के. उरलेला ६० टक्के वेळ मोटर फिरतेय पण हवा देत नाहीये, आणि त्या अनलोडमध्ये मशीन १२ किलोवॅट घेत होतं, ४० नाही. म्हणजे जुन्याची खरी सरासरी २३.२ किलोवॅट. नव्याचे १८ वजा केले की उरतात ५.२, म्हणजे वर्षाला ३१,२०० युनिट. दीड वर्षाचा पेबॅक एका प्रश्नात सहा वर्षांच्या वर गेला, आणि पुढच्या बैठकीपर्यंत माझ्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवेना, ते जास्त महागात पडलं.

अनलोडचे किलोवॅट नुसत्या क्लॅम्प मीटरने अँपिअर बघून काढू नका. अनलोडला पॉवर फॅक्टर बराच पडतो, त्यामुळे अँपिअरवरून काढलेली पॉवर फुगते. किलोवॅट नोंदवणारा पॉवर लॉगर निदान एक आठवडा लावा, सुट्टीचा दिवस धरून. आणि त्याआधी हवेची गळती बंद करा, नाहीतर गळतीसकटच्या गरजेवर मोठं मशीन घेऊन बसाल.

मग केस मेली का? नाही. जुन्याचा एअरएंड वर्षभरात ओव्हरहॉलला येणारच होता, आणि तो खर्च ६०,००० युनिटएवढा. नवीन घेतलं की तो वाचतो, म्हणून गुंतवणुकीतून वजा. पण पाइपिंग, केबल, बसवणं याचे २०,००० मी पहिल्यांदा विसरलो होतो, ते मिळवले. निव्वळ गुंतवणूक १,६०,०००. देखभालीत वर्षाला १०,००० चा फरक पडत होता, तो धरून बचत ४१,२००. पेबॅक जवळपास चार वर्षं. तास ४००० वर आले तर पाच वर्षांच्या थोडं वर जातो, तोही आकडा मी स्वतःच लिहून दिला (देखभालीचा फरक तोच धरून). दुसऱ्या खेपेला मंजूर झालं. ओव्हरहॉल वजा करायचा तर तो खरंच ठरलेला हवा, अवर मीटरचं रीडिंग आणि कोटेशन जोडा, नुसतं "कधीतरी करावं लागेल" चालत नाही.

आता बिलाचं. आमच्या हिशेब खात्याकडे मी बिलांच्या प्रती मागितल्या, चार महिने चकरा मारल्यावर हातात काय दिलं तर वर्षाची एकूण रक्कम! ती युनिटने भागली की फिक्स्ड आणि डिमांड चार्जही दरात शिरतात, आणि ते मशीन बदलून आपोआप कमी होत नाहीत. पीकला सगळी हवा लागते तेव्हा नवीन मशीनही पूर्ण लोडवरच असतं. त्यामुळे बचतीला फक्त एनर्जी चार्जचा दर लावा. तो बिलावर वेगळा छापलेला असतो, एक प्रत मिळाली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. अजूनही राग येतो.

हे सगळं आमच्या एका मशीनचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. तुमचे लोड अवर्स ८५-९० टक्के निघाले तर व्हीएफडीचा हट्ट मी तरी धरणार नाही, कारण फुल लोडला ड्राइव्ह स्वतःच थोडी वीज खातो आणि वाचवायला अनलोडचा वेळच उरत नाही. आधी पॅनलवरची दोन्ही रीडिंग इथे टाका, मग बघू.